पहिल्या महिन्याची वही: उत्तर कळण्याआधी काय लिहायचं

हिशेब विभागात रुजू झाले तेव्हा माझं काम एका वाक्यात सांगता येईल असं होतं: पुरवठादारांची बिलं सिस्टीममध्ये चढवायची. बिल चढवण्याआधी तीन कागद शेजारीशेजारी ठेवायचे. आपण दिलेली पर्चेस ऑर्डर, गोदामात माल उतरला की बनते ती जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल. तिन्हींत वस्तू, संख्या आणि दर जुळले तर बिल तपासणाऱ्याकडे जातं, नाही जुळले तर थांबतं. याला थ्री-वे मॅचिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात मी साधारण ४० बिलं चढवली आणि त्यांत माझ्या १४ चुका निघाल्या.

हे आकडे मला आजही सांगता येतात, कारण तेव्हा मी वही ठेवली होती. आता नव्याने आलेल्यांना काम शिकवायची वेळ माझ्यावर येते आणि त्यांच्याही वह्या मी पाहते. बहुतेक वह्यांमध्ये एकच खोट असते. त्या उत्तर कळल्यावर लिहिलेल्या असतात. ‘आज युनिटचा फरक शिकले’ ही नोंद खरी असते, पण महिन्याने वाचली तर तिच्यातून काहीच हाती लागत नाही. युनिटचा फरक कळण्याआधी मला काय वाटत होतं, किती खात्रीने वाटत होतं, आणि ते तसं का वाटलं, हे तिच्यात कुठेच नसतं.

ते नंतर आठवून लिहिता येईल असं वाटतं, पण येत नाही. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एखाद्या गोष्टीचा शेवट कळला की ‘हे तर आधीच लक्षात येण्यासारखं होतं’ असं माणसाला वाटू लागतं, आणि आपल्याला आधी काय वाटत होतं याची आठवणही त्या दिशेने सरकते. त्यामुळे संध्याकाळी लिहिलेली सकाळची समजूत ही बऱ्याचदा संध्याकाळचीच समजूत असते. खाली सांगितलेली पद्धत या एका अडचणीभोवती बांधलेली आहे. उदाहरणं बिलांची आहेत, कारण मला ते काम माहीत आहे.

पायरी १: वही अशी आखा

कागदाचीच वही घ्या, खिशात मावणारी नको. उघडल्यावर समोरासमोर दोन पानं दिसतात. डावं पान ‘आधी’चं, उजवं ‘नंतर’चं. काम करताना जे वाटतं ते डावीकडे, उत्तर किंवा निकाल कळला की ते उजवीकडे, त्याच ओळीसमोर. एक नियम मात्र कडक ठेवा: उजवीकडचं कळल्यावर डावीकडचं खोडायचं नाही. मी पेनने लिहायचे ते एवढ्याचसाठी.

स्क्रीनवरची फाईल चालेल का, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. चालेल, पण फाईलमध्ये जुनी ओळ दुरुस्त करायचा मोह आवरत नाही, आणि दुरुस्त केलेली ओळ आपल्याला काहीच सांगत नाही. शिवाय स्क्रीनवर आधीच ऑर्डर, बिल आणि सिस्टीम अशा तीन खिडक्या उघड्या असतात. चौथी उघडली जात नाही, हा अनुभव.

वेळ किती जातो? डावीकडच्या ओळीला अर्धं मिनिट. दिवसाच्या शेवटी उजवं पान भरायला १० मिनिटं. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी अर्धा तास. याहून जास्त वेळ जात असेल तर तुम्ही रोजनिशी लिहिताय.

वहीत काय लिहू नये तेही पहिल्याच दिवशी ठरवून टाका. पासवर्ड, पुरवठादाराचे बँक तपशील, सहकाऱ्यांची नावं. माणसासाठी ‘तपासणारा’, ‘गोदाम’, ‘वरिष्ठ’ एवढं पुरतं. कोणाच्या हाती वही लागली तरी आपल्याला लाज वाटू नये आणि कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये. दोन्ही कारणं सारख्याच वजनाची आहेत.

पायरी २: चूक लिहिताना चार गोष्टी

चौथ्या दिवशीची माझी नोंद जशीच्या तशी देते.

> डावीकडे: ऑर्डर ४०. जीआरएन ४०. बिल ४८०. बिल बारापट जास्त. होल्डवर टाकलं, पुरवठादाराला मेल केला की बिल चुकीचं आहे. खात्री १० पैकी ९.

> उजवीकडे: ऑर्डर आणि जीआरएन पेट्यांमध्ये, बिल नगांमध्ये. एका पेटीत १२ नग. ४० × १२ = ४८०. पेटीचा दर ६००, नगाचा ५०. एकूण दोन्हीकडे २४,०००. एकूण रकमेकडे मी पाहिलंच नाही. कळलं कसं: पुरवठादाराचं उत्तर आलं, वरिष्ठांना सीसी करून. चूक किती वेळ जिवंत: एक दिवस.

ही नोंद चार प्रश्नांची उत्तरं देते. मी नेमकं काय केलं? त्या क्षणी मला काय वाटत होतं? चूक कोणाला सापडली? ती किती वेळ तशीच राहिली? पहिला सगळेच लिहितात. दुसऱ्यासाठी डावं पान आहे. तिसरा आणि चौथा मात्र जवळजवळ कोणी लिहीत नाही, आणि महिन्याच्या शेवटी तेच सर्वांत उपयोगी ठरतात. ते कसं, हे पुढे येईल.

चूक लिहिल्यावर ती कोणत्या जातीची आहे हे ठरवा. जेम्स रीझन या मानसशास्त्रज्ञाने मानवी चुकांची केलेली विभागणी कामाची आहे. हात घसरतो तेव्हा आपल्याला बरोबर काय ते माहीत असतं, पण बोट दुसऱ्याच कळीवर पडतं. विसर पडतो तेव्हा मधली एखादी पायरीच निसटते. आणि समजच चुकीची असते तेव्हा आपण अगदी ठरवून, नीट लक्ष देऊन चूक करतो. माझी ४८० नगांची चूक तिसऱ्या जातीची होती. ती दहा वेळा तपासली असती तरी मला दहाही वेळा बरोबरच वाटली असती.

जात ठरवायची ती उपाय वेगवेगळे असतात म्हणून. हात घसरला असेल तर तपासणीची युक्ती हवी. माझ्या हातून आकड्यांची अदलाबदल फार व्हायची, ५,४८० च्या जागी ५,८४०. शेजारच्या वरिष्ठ मॅडमनी सांगितलं, “अगं, फरकाला नवाने भागून बघ.” ५,८४० वजा ५,४८० म्हणजे ३६०, आणि ३६० ला नवाने पूर्ण भाग जातो. दोन आकडे जागा बदलतात तेव्हा फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. एखादं शून्य जास्त किंवा कमी पडलं तरी तसंच होतं: ७०० च्या जागी ७,००० लिहिले तर फरक ६,३००. म्हणजे बेरीज जुळत नसेल आणि फरक नवाने भागला जात असेल, तर आधी आकडे उलटे पडलेत का ते शोधायचं. कधी योगायोगानेही भाग जातो, तेव्हा ही खूण आहे, पुरावा नव्हे.

विसर पडला असेल तर युक्तीचा उपयोग नाही, जागा बदलावी लागते. बिलाची तारीख आणि आपण ते चढवल्याची तारीख या दोन वेगळ्या रकान्यांत भरायच्या असतात, आणि दुसरी मी रोज विसरायचे. तिची आठवण चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला लावली, तर तिसऱ्या दिवशी चिठ्ठी दिसेनाशी झाली. मग तारखेचा शिक्का मारल्याशिवाय बिल डाव्या ट्रेमधून उजवीकडे न्यायचं नाही असं ठरवलं. विसरणं थांबलं.

समज चुकीची असेल तर आपण एकटे काही करू शकत नाही, विचारावंच लागतं. म्हणून ही जात ओळखता येणं महत्त्वाचं. खूण सोपी आहे: डाव्या पानावरची खात्री ७ किंवा त्याहून जास्त आणि तरीही चूक, म्हणजे बहुधा समज चुकीची. हात घसरण्याला खात्रीचा आकडा सहसा नसतोच, कारण तेव्हा आपण विचार केलेला नसतो.

आणि उजव्या पानावर ‘पुढच्या वेळी नीट लक्ष देईन’ हे वाक्य लिहायला मनाई. माझ्या वहीत ते पहिल्या आठवड्यात सहा वेळा आहे. त्या सहापैकी एकही चूक त्या वाक्याने थांबली नाही.

पायरी ३: प्रश्न विचारण्याआधी आपलं उत्तर लिहा

नव्या माणसाची दोन टोकं असतात. एक जण दर पाच मिनिटांनी उठून शेजारी जातो. दुसरा दोन तास एका बिलाशी झगडतो आणि शेवटी अंदाजाने काहीतरी भरतो. मी दुसऱ्या प्रकारातली. दोघांनाही एकच उपाय लागू पडतो. प्रश्न मनात आला की तो डाव्या पानावर लिहायचा, त्याखाली आपल्याला सुचतं ते उत्तर, त्याची खात्री, आणि कुठे शोधून पाहिलं ते. शोधायला १५ मिनिटं. तेवढ्यात नाही सापडलं तर प्रश्न यादीत टाकून पुढचं बिल घ्यायचं. यादी घेऊन दिवसातून दोनदा जायचं, जेवणाआधी आणि निघायच्या तासभर आधी. दुसरी फेरी अगदी शेवटी ठेवू नका, कारण उत्तर मिळाल्यावर ते करून पाहायला वेळ लागतो.

याला अपवाद आहे आणि तो पाठ करा. जे परत घेता येत नाही, त्याआधी लगेच उठून विचारायचं. पेमेंट सोडणं, नोंद काढून टाकणं, बाहेरच्या माणसाला मेल करणं. माझा चौथ्या दिवशीचा मेल तिसऱ्यातला. १५ मिनिटांचा नियम मला माहीत होता, अपवाद माहीत नव्हता.

यादी घेऊन गेल्यावर बोलण्याचा सूरही बदलतो. ‘हे कसं करायचं?’ ऐवजी ‘माल ८० आलाय, बिल १०० चं आहे. मला वाटतं ८० पुरतंच चढवावं आणि उरलेल्या २० साठी क्रेडिट नोट मागावी. बरोबर आहे का?’ असं विचारता येतं. समोरच्याचा वेळ वाचतो हा वरवरचा फायदा. खरा फायदा असा की त्याला तुमच्या विचारातली चुकीची पायरी दिसते. माझ्या या प्रश्नाला उत्तर मिळालं, “क्रेडिट नोट मागायची, पण त्याआधी गोदामाला विचार. उरलेले २० वाटेत असतील.” माझं उत्तर चूक नव्हतं, घाईचं होतं. नुसतं ‘कसं करायचं’ विचारलं असतं तर पद्धत मिळाली असती, घाई कळली नसती.

उत्तर मिळालं की उजवीकडे तीन ओळी: उत्तर आपल्या शब्दांत, कारण, आणि ‘कुठे लागू नाही’. तिसरी ओळ विचारून घ्यावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही. विचारायची पद्धत: ‘असं कधी करायचं नाही?’ ती ओळ मी बऱ्याचदा रिकामी सोडली आणि त्याची किंमत तिसऱ्या आठवड्यात मोजली.

एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला तर शरमून जाऊ नका, पण जुनं पान उघडा. बहुतेक वेळा दिसतं की पहिल्यांदा कारण न लिहिता फक्त कळांचा क्रम लिहिला होता. क्रम विसरला जातो. कारण लक्षात असेल तर क्रम पुन्हा शोधता येतो.

पायरी ४: आत्मविश्वास आकड्यात, तोही निकालाआधी

‘आज जरा बरं वाटलं’ ही नोंद मनाची आहे, कामाची नाही. ती झोप किती झाली यावर बदलते. त्याऐवजी आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मी २० बिलांचा गठ्ठा तपासणाऱ्याकडे देण्याआधी डावीकडे लिहायचे: यातली किती परत येतील? गठ्ठा परत आला की उजवीकडे खरा आकडा.

पहिल्या आठवड्यात मी ८ म्हटलं, ६ आली. दुसऱ्यात २ म्हटलं, ७ आली. तिसऱ्यात ६ म्हटलं, ३ आली. चौथ्यात ३ म्हटलं, २ आली.

दुसरा आठवडा पाहा. परत येणारी बिलं ६ वरून ७ झाली, म्हणजे काम जवळपास तिथेच होतं. पण माझा अंदाज ८ वरून २ वर घसरला होता. कारण डाव्या पानांवरच दिसत होतं. त्या आठवड्यात स्क्रीन माझ्या ओळखीची झाली होती. कोणता रकाना कुठे, कोणत्या कळीने पुढे जायचं, हे हाताला कळलं होतं. बिलं भराभर चढत होती आणि तो वेग मला समज वाटत होता. हा टप्पा मी नंतर शिकवलेल्या बऱ्याच जणांच्या वह्यांत पाहिला, बहुधा दुसऱ्या आठवड्यातच. त्यातून वाचायचा उपाय मला सापडलेला नाही. तो आला आहे हे ओळखता येतं, आणि तेही आकडे आधी लिहिले असतील तरच.

तिसऱ्या आठवड्यात उलटं झालं. सात बिलांचा तडाखा बसल्यावर मी घाबरले आणि गरजेपेक्षा जास्त भीती लिहिली. चौथ्या आठवड्यात अंदाज आणि निकाल जवळ आले. मी म्हणेन की पहिल्या महिन्यात आत्मविश्वास वाढवायच्या मागे लागू नये. तो कामाला जुळतो का एवढंच पाहावं.

छोटे बदल टिपण्यासाठी आणखी एक साधी खूण आहे. प्रत्येक प्रकारच्या कामापुढे एक आकडा लिहा: कोणी शेजारी बसून दाखवलं तर जमतं, १. वहीत बघून जमतं, २. न बघता जमतं पण तपासून घ्यावंसं वाटतं, ३. दुसऱ्याला सांगता येतं, ४. साधं बिल चढवणं माझं नवव्या दिवशी ३ वर गेलं. क्रेडिट नोट महिनाभर २ वरच राहिली. ॲडव्हान्स वळता करणं १ वरून हललं नाही, कारण तशी बिलंच फक्त दोन आली. ‘मला अजून काही येत नाही’ असं वाटणाऱ्या संध्याकाळी ही तीन वाक्यं वाचली की नेमकं काय येत नाही ते कळतं, आणि मग उद्या काय मागायचं तेही: ॲडव्हान्सचं बिल आलं तर मला द्या.

पायरी ५: आठवड्याचा अर्धा तास

या अर्ध्या तासात नवीन काही लिहायचं नाही, वाचायचं. आधी डावं पान, उजवं हाताने झाकून. ज्या नोंदीत खात्री ७ च्या वर होती आणि निकाल चुकला, तिच्यापुढे चांदणी काढा. खात्रीने केलेली चूक दुरुस्त झाली की ती अनिश्चित चुकीपेक्षा चांगली लक्षात राहते, असं ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांच्या २००१ मधल्या प्रयोगांत दिसलं. धक्का बसतो आणि लक्ष वेधलं जातं. माझ्या पेट्या आणि नगांचंही तसंच झालं, ते मी विसरणं शक्यच नव्हतं. अडचण निराळ्या बाजूने आली.

दिवस १३. त्याच पुरवठादाराचं बिल.

> डावीकडे: ऑर्डर ४० पेट्या, २४,०००. जीआरएन ४० पेट्या. बिल ४०० नग, दर ६०, एकूण २४,०००. युनिटचा फरक, ओळखीचा. एकूण जुळतं. पुढे पाठवलं. खात्री ९.

> उजवीकडे: तपासणाऱ्याने परत केलं. ४० पेट्यांचे ४८० नग हवेत, बिल ४०० चं. पेटी १२ ची होती, आता १० ची आली. नगाचा दर ५० चा ६० झाला. ऑर्डरवर ‘१२ नगांची पेटी’ असं लिहिलेलं आहे. एकूण जुळलं म्हणून मी आत पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी मी एकूण पाहिलं नाही म्हणून चुकले. तेराव्या दिवशी फक्त एकूण पाहिलं म्हणून. पहिल्या चुकीतून मी जो नियम काढला, ‘युनिट वेगळं असेल तर एकूण जुळतं का बघ’, त्यानेच दुसरी चूक घडवली. अर्धा तास घेऊन वही मागे चाळली तेव्हा ते दिसलं: चौथ्या दिवसाच्या उजव्या पानावर ‘कुठे लागू नाही’ची ओळच नव्हती. तेव्हा विचारलं असतं की एकूण जुळूनही बिल चुकीचं कधी असतं, तर मॅडमनी पेटीचा आकार बदलतो हे सांगितलं असतं. त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती.

तेव्हापासून माझा क्रम असा झाला. आधी दोन्हीकडचे आकडे एकाच युनिटमध्ये आणायचे, नगांत. मग नगांची संख्या, मग एका नगाचा दर, आणि एकूण सर्वांत शेवटी. जीआरएनवर फक्त ‘४० पेट्या’ असेल तर पेटीत किती नग आले हे गोदामाला विचारायचं, कारण कागदावरून ते कळत नाही. १९ व्या दिवशी दुसऱ्याच पुरवठादाराचं असं बिल आलं, किलो आणि गोण्यांचं. ते मी पुढे पाठवण्याआधी थांबवलं.

अर्ध्या तासाच्या शेवटी पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल निवडा. एकच. मी एकदा पाच लिहिले होते. त्यांतला कोणता उपयोगी पडला हे मला आजतागायत सांगता येत नाही.

वही बिघडते कशी

तीन दिवस लिहिलं नाही तर ते दिवस कोरे सोडा. आठवून भरलेलं डावं पान खोटं असतं, आणि ते कोणतं हे पुढे ओळखू येत नाही.

दुसरं बिघडणं जास्त गोड आहे. वही हळूहळू कार्यपद्धतीची पुस्तिका होते: नीटनेटके टप्पे, रंगीत शाई, समास. तेही हवं, पण वेगळ्या वहीत. या वहीत चुका दिसेनाशा झाल्या आणि अक्षर सुधारलं, की समजा गाडी तिकडे वळली.

तिसरं म्हणजे गाऱ्हाणी. ‘गोदामवाले जीआरएन वेळेवर देत नाहीत’ ही नोंद खरी असेल, पण तिच्यापुढे उजवीकडे काय लिहिणार? ती ‘जीआरएन कोणत्या वेळी येतात?’ अशी प्रश्नात बदलली तर उजवं पान भरता येतं. मला उत्तर मिळालं की दुपारी तीननंतर, आणि मी त्या मालाची बिलं सकाळी हातात घेणं बंद केलं.

पायरी ६: महिन्याच्या शेवटी काय मोजायचं

चुका मोजू नका, किंवा नुसत्या मोजू नका. माझ्या पहिल्या आठवड्यात १४ चुका होत्या, चौथ्यात १५. एवढंच पाहिलं तर महिना फुकट गेला. पण पहिल्या आठवड्यात ४० बिलं होती, चौथ्यात साधारण ११०. आणि त्याहून महत्त्वाचं, चुका कोणाला सापडल्या हा रकाना. पहिल्या आठवड्यातल्या १४ पैकी १ मला स्वतःला सापडली, ३ सिस्टीमने अडवल्या, ९ तपासणाऱ्याने काढल्या आणि १ बाहेर गेली. चौथ्या आठवड्यातल्या १५ पैकी ९ मला सापडल्या, २ सिस्टीमने, ४ तपासणाऱ्याने. बाहेर एकही गेली नाही.

चूक जिथे घडते त्याच्या जवळ पकडली जाऊ लागली, हा पहिल्या महिन्यातला बदल. चुका कमी होणं बरंच नंतर येतं. हा रकाना रिकामा असेल तर स्वतःला सापडलेल्या चुका हिशेबात येतच नाहीत, कारण त्या कोणी परत पाठवलेल्या नसतात. आणि हे लक्षात ठेवा की सिस्टीम सगळं अडवत नाही. एकच बिल दोनदा आलं, एकदा मेलने आणि एकदा कागदावर, आणि त्याचा क्रमांक एकदा मधल्या तिरप्या रेघेसह आणि एकदा तिच्याशिवाय टाकला, तर आमच्या सिस्टीमला ती दोन वेगळी बिलं वाटायची.

वरिष्ठांसोबतच्या बैठकीत वही नेऊ नका, एक पान न्या. त्यावर वरचा रकाना, कामांपुढचे १ ते ४ आकडे, आणि उत्तर न मिळालेले प्रश्न. माझ्याकडे असे ११ प्रश्न उरले होते. लिहिताना लक्षात आलं की पहिल्या आठवड्यात माझे प्रश्न ‘कुठे’ आणि ‘कसं’ असे होते, आणि उरलेल्या अकरातले आठ ‘कोण ठरवतं’ असे. दरात थोडा फरक असेल तर कितीपर्यंत चालतो आणि तो कोणाच्या सहीने? बिलाची मुदत बिलाच्या तारखेपासून धरायची की माल आल्याच्या, आणि पुरवठादारागणिक ते वेगळं का? अशा प्रश्नांचं उत्तर शेजारच्या टेबलावर नसतं. वरिष्ठांनी पान वाचलं, आठांपैकी तीन प्रश्नांना लगेच उत्तर दिलं, दोनांवर ‘हे खरेदी विभागाला विचार’ असं लिहिलं, आणि पेटीच्या आकाराच्या प्रश्नावर बराच वेळ थांबल्या. दुसऱ्या दिवसापासून गोदामाच्या जीआरएनवर पेट्यांच्या शेजारी नगांचा रकाना आला. माझ्या वहीतली २२ व्या दिवसाची डावीकडची ओळ अशी आहे: ‘नवा रकाना गोदाम भरेल का? खात्री ४.’